धन्याचा वाटा

गोजाबाईच्या हातातली दुरडी सकाळपासून जमिनीला टेकली नव्हती. गावाकडच्या खोलीतल्या कोनाड्यातून देव उचलले, घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून दुरडीत ठेवले आणि तेव्हापासून ती दुरडी कधी मांडीवर, कधी कमरेवर, कधी डोक्यावर. टेम्पोच्या पुढच्या सीटवर तीन तास बसून ती आली होती. चहाला गाडी थांबली तेव्हा अजिनाथनं कप तिच्या तोंडाला लावला, पण हात मोकळा करायला ती तयार झाली नाही. एकदा उचललेले देव नव्या जागी बसेपर्यंत खाली ठेवायचे नाहीत, हा तिच्या सासरचा नेम होता आणि नेमाच्या बाबतीत गोजाबाई कुणाच्या बापाला ऐकणारी नव्हती.

आता ती जुळे सोलापुरातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, बंद दारासमोर उभी होती. खांदे भरून आले होते. अजिनाथ किल्ली लावता लावता खालच्या आवाजात बोलत होता.

"आये, परत सांगतो. मालक काकांनी किल्ली देतानाच बजावलंय. घरात पूजा-बिजा करायची न्हाय. होम न्हाय, धूर न्हाय, माणसं गोळा करायची न्हाईत. आन् भंडारा तर अजिबात न्हाय."

"का म्हनून?"

"का ते मला काय म्हाईत? त्यांचं घर हाय. अकरा वाजता ते दोघं नवरा-बायको येणार, करारनाम्यावर अंगठे उमटवायचे. एजंट मशीन घेऊन येतोय. त्याच्या आत तुझं काय ते दिवा आन् दूध उरकून घे. गपचिप."

पासष्ट वर्षांच्या आयुष्यात गोजाबाईनं देवाचं काम चोरून कधी केलं नव्हतं. पण पोराचा चेहरा पाहिला आणि तिनं ओठ दाबून धरले. अजिनाथला कॉलेजात लॅब असिस्टंटची नोकरी लागून चार वर्षं झाली होती. सून प्रियंका एका दवाखान्यात नर्स होती. दोघं एका खोलीत दाटीवाटीनं राहत होती आणि गोजाबाई गावाकडं एकटी. मागच्या उन्हाळ्यात ती न्हाणीत पाय घसरून पडली ती दुपारपर्यंत तशीच पडून राहिली. तेव्हापासून अजिनाथनं ध्यास घेतला होता, दोन खोल्यांचा फ्लॅट बघायचा आणि आईला आणायचं. चार महिने फिरून हा मिळाला होता. सात वर्षांची नात सुकन्या आजोळी होती, घर लागलं की तिला आणायचं होतं.

गोजाबाई यायला तयार झाली ती एका अटीवर. देव माझ्याबरोबर येणार, आणि ज्या जागेत देवांना मान मिळणार नाही तिथं मीही राहणार नाही. अजिनाथनं मान डोलावली होती. आईची अट आणि मालकाची अट एकमेकींसमोर उभ्या राहतील हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नसावं, किंवा आलं असेल आणि त्यानं देवावर हवाला ठेवला असेल. आपल्याकडची मुलं अशीच वागतात.

ही अट हट्टापायी नव्हती, हे सांगायला हवं. गोजाबाईनं भाड्याच्या जागेत राहण्यात आख्खा जन्म काढला होता, फक्त त्या जागेला भिंती नव्हत्या. ती मेंढरांमागं जन्मली आणि मेंढरांमागंच बिरप्पाची बायको झाली. दिवाळी झाली की दोघं मेंढरं घेऊन निघायची ती आठ महिने परतायची नाहीत. आज या रानात, परवा त्या रानात. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवायला बोलवायचा, लेंड्यांचं खत मिळायचं म्हणून. त्या बदल्यात ज्वारी द्यायचा आणि राहायला जागा. पण दुसऱ्याच्या जमिनीवर तीन दगडांची चूल मांडायची तर रीत होती. आधी देव बसवायचे. मग पहिलं दूध तापवायचं, ते उतू जाऊ द्यायचं. मग उतू गेलेल्या त्या दुधातला पहिला पेला, गूळ घालून, रानाच्या धन्याला द्यायचा. त्याला धन्याचा वाटा म्हणायचे. धन्यानं तो प्यायला की देवापुढं आभार मांडायचे. आजवर ज्यानं ज्यानं रान दिलं त्याचं त्याचं नाव घ्यायचं आणि शेवटी या नव्या धन्याचं. तोवर मेंढरांभोवती जाळ्याची वाघर लावायची नाही आणि अंग टाकायचं नाही. आणि धन्यानं पेला घेतला नाही तर? तर देव पुन्हा दुरडीत आणि तळ हलवायचा. बिरप्पाच्या हयातीत असं दोनदा झालं होतं. एकदा धन्यानं सरळ तोंडावर सांगितलं होतं, तुमच्या हातचं आम्हाला चालत नाही, पेला बांधावर ठेव, कुत्रं पिईल. बिरप्पानं भर उन्हात दीडशे मेंढरं उठवली होती. गोजाबाईच्या कडेवर तेव्हा अजिनाथ होता, आठ महिन्यांचा.

बिरप्पा गेला, मेंढरं विकली, पण ती रीत काही तिनं विकली नव्हती.

कुलूप उघडलं. प्रियंकानं उंबऱ्याला पाणी लावलं, हळदीकुंकवाची बोटं ओढली, दोन्ही बाजूंना तांदळाची चिमूट सोडली. आंब्याचा डहाळा अजिनाथनं दाराला अडकवला, तोही आतल्या बाजूनं, बाहेरून दिसू नये म्हणून. मग प्रियंका पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन पुढं झाली, तिच्यामागं दुरडी घेऊन गोजाबाई. दोघींनी उजवा पाय आत टाकला.

"कुटं बसवायचे, आत्या?" प्रियंकानं सासूला विचारलं.

गोजाबाईनं घर पाहिलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पांढऱ्या भिंती, पांढऱ्या फरशा. नवं कोरं. वापरल्याची एक खूण कुठं दिसेना. ओट्यावर तेलाचा डाग नव्हता, भिंतीला खिळा नव्हता. चार वर्षांची इमारत आणि या घरात कुणी राहिलंच नव्हतं. तिला ते बरं वाटलं नाही. ज्या रानात कुणी तळ टाकत नाही तिथं काहीतरी असतं.

स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या भिंतीशी तिनं घोंगडी चौघडी करून अंथरली. तीवर तांदळाच्या तीन मुठी, त्यावर विड्याची पानं. आणि मग गुंडाळी सोडून एकेक टाक बाहेर काढला. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले ते देव पिढ्यान्‌पिढ्या पुसून पुसून गुळगुळीत झाले होते. आधी बिरोबा, मग खंडोबा-म्हाळसा, मग घराण्यातला वीर, त्याच्या घोड्याचे पाय तेवढे ओळखू येत होते. तांब्यात आंब्याची पानं आणि वर नारळ ठेवून तो देवांच्या उजव्या अंगाला मांडला. दुरडी रिकामी झाली तसे तिचे हात आपोआप वर उचलले गेले, इतके ते हलके झाले होते.

"दिवा लाव. आन् दूध ठेव."

दूध गावाहून आणलं होतं, शेजारणीच्या शेळीचं, किटलीतून. नव्या पातेल्यात ओतून प्रियंकानं शेगडी पेटवली. गोजाबाईची नजर तेवढ्यात कोपऱ्यातल्या फरशीवर गेली. ओट्याखाली, आग्नेयेच्या कोपऱ्यात एक फरशी बाकीच्यांपेक्षा जरा मळकट होती, कडेनं सिमेंट वेगळं दिसत होतं. म्हणजे इथं वास्तुशांत झाली होती आणि वास्तूची मूर्ती याच फरशीखाली पुरली होती. म्हणजे हे घर कुणीतरी हौसेनं मांडलं होतं. मग ते राहिले का नाहीत? तिनं त्या फरशीवर तांदळाचे चार दाणे ठेवले. जागेला आधी विचारावं, एवढंच.

घड्याळात सव्वादहा झाले होते. अजिनाथ दाराशी उभा राहून जिन्याचा कानोसा घेत होता.

दूध वर आलं. साय फुगली, कडेला चढली आणि प्रियंकाचा हात सवयीनं बटणाकडं गेला. पांढऱ्या ओट्याची तिला धास्ती होती. गोजाबाईनं तिचं मनगट धरलं.

"जाऊ दे. पूर्वेला जाऊ दे."

दूध फस्सकन उतू गेलं, शेगडीवरून ओघळत ओट्यावर आलं, पूर्वेच्याच अंगाला. करपल्याचा वास सुटला. गोजाबाईनं नकळत हात जोडले, आणि त्याच क्षणी कंबरेच्या पिशवीतली भंडाऱ्याची मूठ तिच्या हातात आली. अजिनाथनं बजावलेला शब्द तिला आठवत होता, खोटं कशाला बोला. पण चाळीस वर्षांचा हात शब्दाला विचारून थोडाच चालतो? भंडारा देवांवर पडला, घोंगडीवर पडला आणि पांढऱ्या भिंतीवर हाताएवढा पिवळा पट्टा उमटला.

"आये!" अजिनाथ ओरडला, आणि तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं.

मालक अर्धा तास आधी आले होते. देवदत्तकाका, निवृत्त शिक्षक, हातात कागदांची फाईल. ते थेट आत आले, करपलेल्या दुधाच्या वासामागं स्वयंपाकघराच्या तोंडाशी पोचले आणि भिंत पाहून थबकले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. रागापेक्षा ती भीतीच जास्त होती, पण त्या वेळी अजिनाथला फक्त राग दिसला.

"अजिनाथराव, मी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती."

"काका, मी पुसतो. आत्ता पुसतो. रंग लावून देतो."

"रंगाचं नाही हो..." काका मागं वळून दाराकडं बघायला लागले.

दारात, उंबऱ्याच्या बाहेर, एक साठीच्या बाई उभ्या होत्या. साधी सुती साडी, खांद्याला पर्स. त्या आत आल्या नव्हत्या. येण्याचा विचारही दिसत नव्हता. या प्रभाताई, काकांच्या पत्नी.

गोजाबाईनं पदर सावरला. भिंत, रंग, करार हे तिच्या लेखी नंतरचं होतं. पेल्यात दूध ओतून तिनं गुळाचा खडा विरघळवला आणि विचारलं, "ह्या जागेचं धनी कोन?"

"म्हणजे?" काका म्हणाले.

"कागदावर नाव कुनाचं हाय?"

"तिचं," काकांनी दाराकडं बोट केलं. "अंगठाही तिचाच लागतो. म्हणून तर आणलं."

गोजाबाईला आश्चर्य वाटलं. आजवर तिनं घेतलेल्या नावांत एकही बाई नव्हती. पितळी पेला पदरात धरून ती दारापाशी गेली, पण उंबऱ्याच्या अलीकडंच थांबली. उंबऱ्यावरून देणं-घेणं करत नाहीत.

"बाई, आत या. पैला घोट तुमचा हाय."

प्रभाताईंनी पेल्याकडं पाहिलं. मग मान हलवली. "नको. मी इथंच बरी आहे. तुम्ही घ्या."

"दोन घोटच हायेत की."

"नको म्हटलं ना. मी इथं काही घेणार नाही."

शेगडीवर सांडलेलं दूध चरचरत होतं. गोजाबाईच्या कानशिलातून कढत वाफ निघाल्यासारखं झालं. पस्तीस वर्षांपूर्वीचा तो बांध तिच्या डोळ्यांसमोर आला, आणि तो पेला, आणि ते कुत्रं. तेव्हा तिनं खाली मान घातली होती. आज तिनं घातली नाही. ती वळली, स्वयंपाकघरात गेली आणि घोंगडीपुढं बसली.

"अजिनाथ, दुरडी आन."

"आये, असं काय करतीस?"

"आन म्हनते न्हवं. तुमी ऱ्हावा हितं, माझी ना न्हाय. मी देव घेऊन माघारी जाते. एसटी हाय दुपारची."

"माघारी कुटं जातीस? परत पडलीस तर कोन बघनार तुला?" अजिनाथचा आवाज फुटला. तो मालकांकडं वळला, आईकडं वळला. प्रियंका दुरडी घट्ट छातीशी धरून उभी राहिली, ती काही पुढं करेना.

"काय झालं?" प्रभाताईंनी बाहेरूनच विचारलं. "मी काही चुकीचं बोलले का?"

"न्हाय बाई," गोजाबाई म्हणाली. तिचा आवाज शांत होता आणि म्हणूनच अजिनाथला त्याची भीती वाटली. "आमच्या हातचं तुमाला चालत न्हाय, एवढंच. त्येचा राग न्हाय. पर ज्याला आमचा घोट चालत न्हाय त्येच्या जागंत आमचं देव बसत न्हाईत. आमची रीत हाय ती."

प्रभाताईंच्या खांद्यावरची पर्स सरकून कोपरापर्यंत आली. "अगं बाई! अहो, तसं नाही हो. देवाशपथ तसं नाही. माझ्या मनातही..." त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. काका भिंतीला टेकून उभे होते, नजर फरशीवर.

"सांग," ते म्हणाले. "सांगून टाक. चूक माझीच होती."

मग प्रभाताईंनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं. अकलूजला त्यांच्या आईनं त्यांना दिलेलं एक छोटं घर होतं, पुढं पेरूचं झाड. निवृत्तीनंतर तिथं जाऊन राहायचं हे त्यांचं ठरलेलं होतं. काकांनी त्यांच्याकडून कागदांवर सह्या घेतल्या, कशाच्या ते नीट सांगितलं नाही, आणि ते घर विकून हा फ्लॅट घेतला. प्रभाताईंच्याच नावावर घेतला, म्हणजे त्या खूश होतील असं काकांना वाटलं. वास्तुशांतीच्या दिवशी, होमाची पूर्णाहुती झाली आणि पाहुण्यांसमोर कुणीतरी म्हणालं, काय नशीबवान तुम्ही. तिथं प्रभाताईंचा बांध फुटला. भरल्या घरात त्या म्हणाल्या, या घरात मी पाण्याचा थेंबसुद्धा घेणार नाही.

"वास्तू तथास्तु म्हणत असते हो," त्या म्हणाल्या. "आणि मी तर पूजेच्या दिवशी बोलले. ताटं वाढलेली होती, मी उपाशी निघून गेले. पंधरा दिवसांत ह्यांना झटका आला. वाचले. पण त्यानंतर माझी आत पाऊल टाकायची छाती होत नाही. तो शब्द मोडला आणि पुन्हा काही झालं तर? म्हणून हे म्हणतात, इथं पूजा नको, प्रसाद नको, मला कुणी आग्रह करायला नको."

गोजाबाईनं सगळं ऐकून घेतलं. तिचा राग कुठल्या कुठं गेला होता आणि त्याची तिला लाज वाटत होती. तिनं कोपऱ्यातल्या त्या मळकट फरशीकडं पाहिलं. मग ती उठली, पेला घेऊन पुन्हा दाराशी आली.

"बाई, तुमी शब्द काय दिला? नीट आठवून सांगा."

"या घरात पाणी घेणार नाही, असं."

"कुनाच्या घरात?"

"माझ्याच. म्हणजे आमच्या."

"मग हे आज तुमचं घर कुटं हाय?" गोजाबाई म्हणाली. "चूल माजी पेटली. दूध माजं उतू गेलं. देव माजं बसल्यात. जमीन तुमची, ती कुटं जात न्हाय, मी तळ हलवला की परत तुमचीच. पर तळ हाय तवर घर माजं. रानात बी असंच असतंय. तुमी तुमच्या घरात प्यायचं न्हाय म्हनलासा, तवा नगा पिऊ. माज्या घरात या. पाव्हनी म्हनून या."

प्रभाताईंनी तिच्या हातातल्या पेल्याकडं पाहिलं.

"आन् म्या तुमच्या वास्तूला तांदूळ ठिवलंय. चार वर्सं उपाशी हाय ती बी."

काकांनी डोळे पुसले. प्रभाताईंच्या पायातली चप्पल निघायला वेळ लागला. पट्टा सुटता सुटेना. प्रियंकानं वाकून तो सोडला. मग त्यांनी उंबऱ्याकडं एकदा पाहिलं, हळदीकुंकवाच्या ओल्या बोटांकडं, आणि ती न पुसता त्यांनी पाऊल आत टाकलं. भिंतीला धरत धरत त्या स्वयंपाकघरापर्यंत आल्या. गोजाबाईनं पेला पुढं केला. पहिला घोट घेताना त्यांनी डोळे गच्च मिटले होते, आता काहीतरी कोसळणार अशा धास्तीनं. काही कोसळलं नाही. नवरा समोर धडधाकट उभा होता. दुसऱ्या घोटाला त्यांनी डोळे उघडले.

"गूळ जास्त झाला का?" गोजाबाईनं विचारलं.

"नाही," प्रभाताई म्हणाल्या. "चांगला आहे."

मग गोजाबाई देवांपुढं बसली. पाठीमागं अजिनाथ आणि प्रियंका, कडेला काका. तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि मोठ्यानं, अगदी मोठ्यानं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरू केलं.

"बिरोबा, खंडोबा, ऐका. निंगप्पा पाटलानं वढ्याकाठचं रान दिलं, त्येचं भलं व्हवो. बसलिंगप्पानं चिंचंखाली जागा दिली, माजा अजिनाथ तितं जल्मला, त्येचं भलं व्हवो. बसम्माच्या दादल्यानं दुष्काळात हिरीचं पानी मोकळं केलं, त्येचं भलं व्हवो..."

नावं येत राहिली. अजिनाथनं ती लहानपणापासून ऐकलेली होती, पण आज पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आलं की आई एकही नाव विसरलेली नाही. ज्या धन्यानं पेला बांधावर ठेवायला सांगितला होता त्याचंही नाव आलं. त्याचंही भलं व्हावं असं ती म्हणाली, थोडी थांबून, पण म्हणाली. अजिनाथला हुंदका आवरला नाही.

शेवटी गोजाबाईनं मान वळवली. "नाव काय तुमचं, बाई?"

"प्रभा."

"प्रभाबाईनं शेरात पांढऱ्या भिंतींची जागा दिली. आमी सुकानं आलो. तिचं भलं व्हवो, तिच्या दादल्याचं भलं व्हवो, आन् तिचं अकलूजचं पेरूचं झाड जितं आसल तितं सुखात ऱ्हावो."

तिनं भंडाऱ्याची चिमूट प्रभाताईंच्या कपाळाला लावली. दारावर एजंटनं बेल वाजवली, अजिनाथ उघडायला धावला. प्रभाताई मात्र तिथंच, घोंगडीच्या कडेला मांडी घालून बसल्या. त्यांनी हात लांबवून त्या कोपऱ्यातल्या फरशीवरून बोटं फिरवली, तांदळाचे दाणे जागच्या जागी ठेवले आणि गोजाबाईकडं पाहिलं.

"गोजाबाई," त्या म्हणाल्या, "घोटभर पाणी देता का?"